वायबुल सांख्यिकी: सिरॅमिकची ताकद आणि घनफळ

ठिसूळ सिरॅमिकचा एखादा भाग ठरावीक ताणाखाली तुटण्याची शक्यता किती, हे काढण्याची पद्धत. स्वीडिश अभियंते वालोदी वायबुल यांनी ती 1939 मध्ये मांडली. एकाच मालाचा, एकाच भट्टीतला मोठा तुकडा छोट्या तुकड्यापेक्षा कमी ताणाला तुटतो, या अनुभवाला तिने हिशेबात बसवले.

पोलादाला भेग पडली तर तिच्या टोकाशी धातू थोडा वाहतो, टोक बोथट होते आणि भेग बहुधा तिथेच थांबते. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे सिरॅमिक, त्यात हे घडत नाही. 350 मेगापास्कलला तुटणाऱ्या चांगल्या ॲल्युमिनात तुटण्याचे कारण असते साधारण 60 मायक्रॉन खोल दोष: भाजताना राहिलेली पोकळी, वाजवीपेक्षा वाढलेला एखादा कण किंवा ग्राइंडिंगचा ओरखडा. दोष चौपट खोल असेल तर ताकद निम्मी होते. म्हणून ‘ॲल्युमिनाची ताकद’ असा एकच आकडा सांगणे मुळातच अपुरे आहे. तो आकडा त्या तुकड्यातल्या सर्वांत वाईट दोषाचा असतो.

घनफळाचा संबंध इथेच येतो. साखळीत कड्या जितक्या जास्त, तितकी एखादी कच्ची कडी सापडण्याची शक्यता जास्त. समजा, ठरावीक ताणाखाली मालाचा एक छोटा ठोकळा तुटण्याची शक्यता हजारात एक आहे, म्हणजे तो टिकण्याची शक्यता 0.999. असे हजार ठोकळे जोडून एक भाग केला, तर तो टिकण्यासाठी हजारही ठोकळे टिकायला हवेत. 0.999 चा हजारावा घात 0.37 येतो. म्हणजे त्याच ताणाखाली हा मोठा भाग तुटण्याची शक्यता 63 टक्के. माल बिघडलेला नाही, ताणही वाढलेला नाही. फक्त वाईट दोष सापडण्याच्या जागा हजारपट झाल्या.

वायबुल यांचे सूत्र याच गुणाकारातून येते:

P = 1 − exp[−(V/V₀)(σ/σ₀)^m]

P म्हणजे तुटण्याची शक्यता, V म्हणजे ताणाखालचे घनफळ आणि σ म्हणजे ताण. V₀ घनफळाच्या तुकड्यांपैकी 63 टक्के ज्या ताणापर्यंत तुटतात, तो σ₀. m ला वायबुल मापांक म्हणतात. m मोठा असेल तर सगळे नमुने जवळजवळ एकाच ताणाला तुटतात, लहान असेल तर निकाल विखुरतात. दोन आकारांच्या ताकदींचे गुणोत्तर म्हणजे त्यांच्या घनफळांच्या उलट गुणोत्तराचा 1/m वा घात. त्यामुळे m जितका लहान, तितका आकाराचा फटका मोठा.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत, आणि गंजवणारे द्रव ओढणाऱ्या पंपांच्या पोलादी शाफ्टवर सिरॅमिकची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे आवरण, चढवण्याची पद्धत आहे. समजा, स्लीव्ह ॲल्युमिनाची आहे: आतला व्यास 36 मिमी, बाहेरचा 44, लांबी 24. घनफळ सुमारे 12,000 घन मिमी. द्रव तापला की पोलाद ॲल्युमिनापेक्षा जास्त फुगते, शाफ्ट स्लीव्हला आतून रेटतो आणि तिच्यात परिघाच्या दिशेने ओढ निर्माण होते. सोपेपणासाठी ही ओढ सगळीकडे सारखी धरू.

मालाची चाचणी मात्र 3×4×45 मिमीच्या पट्ट्यांवर होते. पट्टी 40 मिमी अंतरावरच्या दोन रुळांवर ठेवतात आणि वरून 20 मिमी अंतरावरच्या दोन रुळांनी ती तुटेपर्यंत दाबतात. अशा निदान 30 पट्ट्या तोडतात. तुटलेल्या ताणांची चढत्या क्रमाने यादी करून i व्या पट्टीला (i − 0.5)/30 ही शक्यता देतात आणि ln ln[1/(1 − P)] विरुद्ध ln σ असा आलेख काढतात. रेषेचा चढ म्हणजे m. समजा m 10 आला आणि 63 टक्क्यांचा ताण 350 मेगापास्कल. मग सर्वांत कच्ची पट्टी 230 च्या आसपास तुटलेली असेल आणि सर्वांत पक्की 400 च्या आसपास.

नवख्या डिझाइनरची चूक पुढच्या पायरीवर होते. वाकणाऱ्या पट्टीचे सगळे घनफळ ताणाखाली नसते. वरचा अर्धा भाग दाबाखाली असतो, आणि पूर्ण ताण फक्त खालच्या पृष्ठभागाशी, मधल्या 20 मिमीत पडतो. m 10 असताना रुळांमधल्या 480 घन मिमीपैकी पूर्ण ओढीच्या तोडीचे घनफळ फक्त 12 घन मिमी भरते. त्याला परिणामी घनफळ म्हणतात. स्लीव्हचे 12,000 घन मिमी याच्या हजारपट आहेत, आणि हजाराचे दहावे मूळ सुमारे 2. म्हणून स्लीव्हचा 63 टक्क्यांचा ताण 350 नव्हे, 175 मेगापास्कल. याच 175 ला पट्टी तुटण्याची शक्यता हजारात एक असते, म्हणजे वरचा ठोकळ्यांचा हिशेबच परत आला.

हजारात एकच स्लीव्ह तुटलेली चालेल अशी अट असेल, तर ताण पुन्हा निम्मा करावा लागतो: 88 मेगापास्कल. इतका ताण यायला शाफ्टने स्लीव्हचा आतला व्यास सुमारे 8 मायक्रॉनने फुगवला तरी पुरते. फिटरच्या हातात मायक्रोमीटर असताना हे अंतर किती निसटते आहे, ते त्यालाच विचारावे. थंड असताना घट्ट बसवलेली स्लीव्ह गरम द्रव आल्यावर उभी चिरते, याचे एक कारण हेच.

आता m वर किती विसंबायचे? 30 पट्ट्यांवरून आलेला 10 हा m प्रत्यक्षात 8 असू शकतो. 8 धरून सगळा हिशेब पुन्हा केला तर 88 च्या जागी सुमारे 64 मेगापास्कल येतात. पाच-सहा पट्ट्या तोडून m छापणाऱ्या माहितीपत्रकावर डिझाइन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. हजारपट घनफळाकडे उडी मारताना आपण गृहीत धरतो की स्लीव्हमध्येही पट्टीतल्याच जातीचे दोष आहेत. पट्ट्या ग्राइंडिंगच्या ओरखड्यांवरून तुटत असतील, तर V च्या जागी पृष्ठभागाचे क्षेत्रफळ घ्यावे लागते, आणि पट्टीचा ओरखडा स्लीव्हबद्दल काहीच सांगत नाही, कारण दोघांवर फिरलेले चाक वेगळे. आलेखाची रेषा मध्येच वाकली, तर दोन जातींचे दोष मिसळल्याची शंका घ्यावी. खात्री मात्र तुटलेला तुकडा पाहूनच होते. तो दिव्याखाली तिरका धरला की भेग जिथून निघाली तिथे आरशासारखा गुळगुळीत अर्धगोल दिसतो, त्याच्या कडेला धूसर पट्टा, आणि पुढे चहूकडे पसरलेल्या खरबरीत रेषा. त्या रेषा मागे जिथे मिळतात तिथे दोष असतो. तो पृष्ठभागावर आहे की आत, हे सूक्ष्मदर्शकात दिसते, आणि त्यावरून क्षेत्रफळ घ्यायचे की घनफळ हे ठरते.

सूत्रात काळाला जागा नाही. ठाण्याच्या खाडीलगतच्या दमट हवेत, आणि पंपाच्या द्रवात तर नक्कीच, पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी बंध सैल करतात आणि ताण कमी असूनही भेग हळूहळू वाढते. मिनिटभरात तोडलेल्या पट्टीतून आलेला 88 हा आकडा वर्षभर ताणाखाली राहणाऱ्या स्लीव्हला तसाच लावता येत नाही.

म्हणून जिथे तुटणे परवडत नाही, तिथे प्रत्येक स्लीव्ह बसवण्याआधी वापरातल्यापेक्षा जास्त ताण देऊन पाहतात. कच्च्या स्लीव्ह तिथेच तुटतात आणि आलेखाची खालची शेपटी कापली जाते. ताण वापरात जिथे येणार तिथेच, त्याच दिशेने द्यावा आणि झटकन उतरवावा लागतो. उतरवायला वेळ लागला तर वाचलेल्या स्लीव्हमधली भेग त्या वेळात वाढून बसते.