फोटो पाठवण्याआधी हेल्मेट काढा

जुने लेगो विकायला आणणारे बहुतेक जण आम्हाला एकच विचारतात: "हा अंतराळवीर कोणता, आणि किती जुना?" सोबत फोटो असतो तो हेल्मेट घातलेला, पाठीला टाकी लावलेला, फक्त समोरून काढलेला. अशा फोटोवरून आम्ही भाव सांगत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, म्हणून कारण इथे देतो.

हेल्मेट, टाकी, टोपी, तलवार हे सगळे सुटे भाग. मुलं खेळताना एकाचं काढून दुसऱ्याला घालतात, त्यामुळे डोक्यावर जे बसलंय ते त्याचं स्वतःचंच असेल याचा भरवसा नाही. म्हणून ओळख धडापासून सुरू करायची. छातीवरची छपाई काढून दुसऱ्याला लावता येत नाही.

निळा अंतराळवीर घ्या. छातीवर पिवळा ग्रह आणि त्याला वळसा घालणारं लाल यान. निळ्या रंगात तो 1984 साली आला. तेव्हाच्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी बारीक होती आणि ती हमखास तुटायची. 2014 च्या 'द लेगो मूव्ही'तला बेनी याच्यावरच बेतलेला आहे. त्याचं चिन्ह कारखान्यातच झिजलेलं छापलंय आणि हेल्मेटची पट्टी साच्यातच तुटकी केली आहे. त्यामुळे लोक बेनीलाच जुना समजून घेऊन येतात, आणि चांगल्या राहिलेल्या 1984 च्या बाहुल्याला मात्र "हा नवा दिसतो" म्हणून बाजूला ठेवतात!

भिंग धरून छाती पाहा. खरी झीज वेडीवाकडी असते आणि आजूबाजूच्या प्लास्टिकवरही बारीक ओरखडे दिसतात. बेनीच्या छपाईत रंग उडालेला दिसतो, पण तिथलं प्लास्टिक गुळगुळीतच असतं. मग हेल्मेट काढून चेहरा पाहा. 1984 चा चेहरा म्हणजे दोन काळे ठिपके आणि एक हसरी रेघ, बस्स. डोकंही बदललेलं असू शकतं, म्हणून चेहऱ्याकडे पुरावा म्हणून नव्हे, दुजोरा म्हणून बघायचं. हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना काच अडकवायचे खोलगट ठिपके असतील तर ते 1987 किंवा नंतरचं, म्हणजे 1984 च्या धडावर ते कुणीतरी मागाहून चढवलंय.

तेव्हा आम्हाला तीन फोटो पाठवा: छाती, टाकी काढून पाठ, आणि उघडं डोकं. खिडकीजवळच्या उजेडात काढा. फ्लॅशने छपाई चमकते आणि काही कळत नाही. डब्यातले सुटे तुकडे पांढऱ्या ताटलीत मांडून चौथा फोटो काढलात तर फारच बरं, कारण मूळचं हेल्मेट बऱ्याचदा त्यातच सापडतं. दुकानात आणताना मात्र तुमच्या अंदाजाने काही जोडून आणू नका. जोडलेलं सोडवून तपासण्यातच आमचा निम्मा वेळ जातो.

ओळख पटवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, मग तुम्ही आम्हाला विका किंवा नका विकू. हेल्मेट किंवा टाकी हरवली असेल तर त्या काळातले सुटे भाग आमच्याकडे मिळतात. भाग बदलून बसवला असेल तर बिलावर तसं लिहून देतो.