गाडी चावी ओळखते कशी: रेझिस्टरच्या तुकड्यापासून खिशातल्या रेडिओपर्यंत

रिमोट चावीचे कव्हर तुटले म्हणून दुकानातून नवे आणले, आतली सर्किटची पट्टी, सेल आणि पाते त्यात बसवले. दार रिमोटने उघडते, लॉकही होते. मात्र चावी फिरवली की स्टार्टर फिरतो, इंजिन एखादा सेकंद धरते आणि बंद पडते, किंवा मुळीच धरत नाही. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहते. मग बॅटरी तपासली जाते, पेट्रोलचा पंप तपासला जातो. दोष बहुधा जुन्या कव्हरात असतो. त्याच्या एका कोपऱ्यातल्या खाचेत काळा, पाचराच्या आकाराचा, सेंटीमीटरभर लांबीचा तुकडा अडकून राहिलेला असतो. प्लास्टिकचा भाग समजून तो कव्हरासोबत कचऱ्यात जातो. तीच इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची चिप.

एकाच चावीत दोन स्वतंत्र यंत्रणा राहतात, ही गोष्ट यातून नीट कळते. दार उघडणारा रिमोट सेलवर चालतो. इंजिनला परवानगी देणाऱ्या चिपला सेल लागत नाही. या दोन यंत्रणा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी गाडीत आल्या. बटण दाबून सुरू होणाऱ्या आजच्या गाडीत त्या एकत्र नांदतात.

इंजिन अडवायची कल्पना आधी आली ती रेडिओशिवाय. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यावर एक छोटा रेझिस्टर बसवला. चावी कुलपात गेली की गाडी त्याचा रोध मोजायची. रोध जुळला तरच स्टार्टर आणि इंधन चालू व्हायचे. चुकीचा निघाला, तर काही मिनिटे पुढचा प्रयत्नच घ्यायची नाही. अडचण अशी, की ठरलेली मूल्ये फक्त पंधरा होती. मल्टिमीटर असलेल्या कोणालाही ती मोजता येत होती. शिवाय पात्यावरचे संपर्क झिजले की खऱ्या मालकाचीच गाडी अडायची.

पुढची उडी युरोपात पडली. १९८९ नंतर पूर्व आणि पश्चिम युरोपातल्या सीमा खुल्या झाल्या आणि जर्मनीतून गाड्या चोरून पूर्वेकडे नेण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. भरपाई देऊन विमा कंपन्या टेकीला आल्या आणि त्यांनी इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझरचा आग्रह धरला. त्यानंतर युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशाने तो सक्तीचा केला आणि ऑक्टोबर १९९८ पासून तिथल्या नव्या मोटारींत तो आलाच पाहिजे असे ठरले. हे तंत्र घरोघरी पोहोचले ते विमा आणि कायदा यांच्या रेट्यामुळे. ग्राहकाने मागितले म्हणून नव्हे.

याच काळात ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विचारल्यावर उत्तर देणारी चिप आली. चावीच्या कुलपाभोवती, प्लास्टिकच्या आवरणाआड, तांब्याच्या तारेचे एक कडे असते. चावी घालून फिरवली की त्यात सुमारे १२५ किलोहर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. चिपच्या बारीक वेटोळ्यात त्या क्षेत्रामुळे वीज उपजते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. अंतर जेमतेम काही सेंटीमीटर. त्यामुळे दोन चिपच्या चाव्या एकाच किचेनमध्ये ठेवू नयेत, असे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. दोन्ही चिपा एकाच क्षेत्रातून वीज ओढतात, एकदम बोलतात आणि गाडीला कोणाचेच नीट ऐकू येत नाही. गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही, अशी तक्रार असेल तर आधी किचेन रिकामी करून एकट्या चावीने प्रयत्न करावा.

सुरुवातीच्या चिपा एकच ठरलेला क्रमांक सांगायच्या, म्हणून तो एकदा ऐकला की नक्कल करता यायची. नंतरच्या चिपा प्रश्नोत्तरावर चालू लागल्या. गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते, चिप तो आपल्या गुप्त किल्लीने, म्हणजे आत साठवलेल्या गुप्त आकड्याने, फिरवून उत्तर देते, गाडी स्वतः तेच गणित करून उत्तर ताडून पाहते. गुप्त किल्ली हवेतून कधीच जात नाही. रस्त्यावरच्या चावीवाल्याने हुबेहूब पाते कापून दिले तरी दार उघडते, कुलूप फिरते, पण इंजिन चालत नाही, ते यामुळेच. नवी चिप गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदवावीच लागते.

या चिपांची एक उणीव मात्र लवकर उघडी पडली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका गाजलेल्या चिपची गुप्त किल्ली ४० बिटांची होती, म्हणजे एकूण शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. आकडा डोळे दिपवतो, पण संगणकापुढे तो तोकडाच. २००५ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी बाजारात मिळणारी हार्डवेअर जोडून अशी किल्ली तासाभराच्या आत शोधून दाखवली. पुढच्या दशकात हिटॅग-२ आणि मेगामॉस या चिपांचेही दोष संशोधकांनी दाखवले. तरीही इमोबिलायझर असणे आणि नसणे यात फार मोठे अंतर आहे. अमेरिकेत त्याची सक्ती नाही. तिथे विकलेल्या ह्युंदाई आणि किआच्या चावी फिरवायच्या अनेक मॉडेलांत तो बसवलाच नव्हता. २०२१-२२ मध्ये कुलपाचे नळकांडे काढून यूएसबीच्या टोकाने गाडी सुरू करण्याचे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांचा धडाका लागला. २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती जाहीर करावी लागली. त्याच कंपन्यांच्या बटणवाल्या गाड्यांत इमोबिलायझर होता. त्या या युक्तीने सुरू होत नव्हत्या.

खिशातूनच चावी ओळखण्याची सोय आधी दारापुरती होती; १९९३ च्या कॉर्व्हेटमध्ये ती मिळत असे. दार आणि इंजिन दोन्ही चावी न काढता चालवण्याची पद्धत मर्सिडीजच्या एस-क्लासमधून १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. तिची रचना आजही मुळात तीच आहे.

हँडलला हात लागला की दारातला अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक देतो. या लहरीची लांबी २,४०० मीटर असल्याने इतक्या जवळ ती रेडिओसारखी पसरत नाही, चुंबकीय क्षेत्रासारखी वागते. अंतर दुप्पट झाले की तिचा जोर आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे हाक मीटर-दोन मीटरपलीकडे ऐकूच जात नाही. चावी मात्र उत्तर देते ते ४३३.९२ मेगाहर्ट्झवर (अमेरिकेत बहुधा ३१५ वर), आणि ते कित्येक मीटर सहज जाते. चावीचे कान आखूड, आवाज लांबचा. तिने उत्तर दिले म्हणजे तिला हाक ऐकू आली, हाक ऐकू आली म्हणजे ती जवळ आहे, असा गाडीचा हिशेब. अंतर प्रत्यक्षात कोणी मोजतच नाही. हा धागा लक्षात ठेवायला हवा.

ब्रेक दाबून स्टार्टचे बटण दाबले की केबिनमधले अँटेना हाक देतात. चावीत एकमेकींना काटकोनात तीन वेटोळी असतात, म्हणजे ती खिशात कशीही आडवीतिडवी पडली तरी क्षेत्राचा जोर मोजू शकते. त्या जोरावरून ती आत आहे की बाहेर, हे ठरते. डॅशबोर्डच्या कडेला किंवा धातूच्या डब्यात ठेवलेली चावी म्हणूनच कधी कधी सापडत नाही. वायरलेस चार्जरवर मोबाइलशेजारी ठेवलेल्या चावीचेही तेच होते, कारण मोबाइलचे असे चार्जरही साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झवर, म्हणजे त्याच पट्ट्यात चालतात. ‘चावी सापडत नाही’ असा संदेश आला, तर सेल बदलण्याआधी चावी चार्जरपासून दूर नेऊन पाहावी. आणखी एक: इंजिन चालू झाल्यावर चावी गाडीबाहेर गेली तरी इंजिन सहसा बंद पडत नाही, फक्त इशारा येतो. चालत्या रस्त्यावर इंजिन तोडणे धोक्याचे म्हणून हे मुद्दाम तसे ठेवले आहे. नवऱ्याला स्टेशनवर सोडले आणि चावी त्याच्याच खिशात गेली, तर गाडी घरापर्यंत येते, पण एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

सेल संपला तर जुनी यंत्रणा कामी येते. चावीतले लपवलेले पाते काढून दार उघडायचे. हँडलवरचे कुलूप काही गाड्यांत झाकणाआड असते. मग ब्रेक दाबून चावी स्टार्टच्या बटणाला टेकवायची आणि चावीच्याच टोकाने बटण दाबायचे. काही गाड्यांत बटणाऐवजी कप होल्डरमध्ये किंवा कन्सोलच्या खाचेत चावी ठेवायची जागा असते. तिथे ते १९९० च्या दशकातले तांब्याचे कडेच बसलेले असते आणि सेलशिवायच्या चिपशी ते बोलते. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. दाराजवळ अगदी चिकटून उभे राहावे लागते, अशी तक्रार सुरू झाली की तो उतरत आला समजावे.

आता त्या न मोजलेल्या अंतराचे. चोरांना गुप्त किल्ली फोडायची गरजच नाही. एक जण घराच्या दाराशी उपकरण धरतो, दुसरा गाडीच्या हँडलशी. गाडीची हाक पहिल्यापाशी पोहोचवून तिथे पुन्हा वाजवली जाते, आतल्या टेबलावरची चावी इमानाने उत्तर देते. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेले तपासली आणि सगळी या रीतीने उघडून सुरू करून दाखवली. वेळेवरून हे पकडता का येत नाही? ५० मीटर जाऊन परत यायला रेडिओला मायक्रोसेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. १२५ किलोहर्ट्झच्या लहरीचे एकच आवर्तन ८ मायक्रोसेकंदांचे असते. इतक्या जाड फूटपट्टीवर तो उशीर दिसणारच नाही.

पुढे काही कंपन्यांनी चावीत हालचालीचा सेन्सर घातला. थोडा वेळ स्थिर पडली की ती झोपते आणि कोणाच्याच हाकेला ओ देत नाही. आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे धातूच्या अस्तराची पिशवी. ती घेतल्यावर चावी आत घालून, पिशवी हातात धरून गाडीशेजारी उभे राहावे आणि हँडल ओढावे. दार उघडले तर पिशवी निकामी. अस्तर घडीवर तुटत जाते, म्हणून ही चाचणी अधूनमधून पुन्हा करावी. काही गाड्यांत कीलेस सोय सेटिंगमधून बंदही करता येते.

खरी मोजपट्टी आली ती अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्रामुळे. यात नॅनोसेकंदांच्या मापाचे स्पंद पाठवून ते जायला-यायला किती वेळ लागला ते मोजतात. एका नॅनोसेकंदात लहर ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळे चावी दाराशी आहे की स्वयंपाकघरात, हे पहिल्यांदाच खरोखर कळते. पण चिप बसवली म्हणजे गाडी तिचे मोजमाप ऐकतेच असे नाही. २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी अल्ट्रा-वाइडबँड असलेली टेस्ला मॉडेल ३ जुन्याच पद्धतीने उघडून सुरू केली, कारण गाडी परवानगी अजून ब्लूटूथवरूनच देत होती. त्या गाडीत पिन टाकल्याशिवाय न चालण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर दार उघडले तरी गाडी जागची हलत नाही.