तिसऱ्या खांबापर्यंत

रोज अर्धा तास न थांबता पळता यायला लागलं, की वेग कसा वाढवायचा हा प्रश्न येतोच. बरेच जण घड्याळाकडे वळतात. किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतात, ती सातवर आणायची. दोन आठवड्यांत पळणं परीक्षेसारखं वाटायला लागतं.

स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी 1930 च्या दशकात वेगळी वाट काढली. त्याआधीच्या दशकात फिनलंडचे धावपटू, विशेषतः पावो नुर्मी, स्वीडनला सतत हरवत होते. होल्मेर यांनी आपल्या धावपटूंना ट्रॅकवरून जंगलाच्या पायवाटांवर नेलं आणि पळता पळता मनाला येईल तसा वेग कमीजास्त करायला लावला. या पद्धतीचं नाव फार्टलेक. स्वीडिशमध्ये ‘फार्ट’ म्हणजे वेग आणि ‘लेक’ म्हणजे खेळ. (आपल्या लेकीशी त्याचा संबंध नाही.) अशाच जंगलवाटांवर तयार झालेल्या गुंडर हेगनं 1945 मध्ये एक मैल 4 मिनिटं 1.4 सेकंदांत पार केला. तो विक्रम 1954 पर्यंत टिकला.

जंगल नसलं तरी आपल्याकडे विजेचे खांब आहेत. समजा, घरापासून दहा मिनिटं सावकाश पळत तुम्ही एका सरळ रस्त्याला लागलात आणि तिथे दोन खांबांत साधारण तीस मीटर अंतर आहे. एका खांबाशी आलात की तिथून तिसरा खांब नजरेत धरा आणि तिथवर जरा जोरात जा. हे नव्वद मीटर झाले. साडेसातच्या चालीनं त्यांना चाळीस सेकंद लागतात, जोर लावल्यावर तीसेक लागतील. जीव तोडून पळायचं नाही. एक मात्र पाळायचं: खूण निघण्याआधी ठरवायची आणि मध्येच बदलायची नाही. बरं वाटतंय म्हणून चौथ्या खांबापर्यंत ओढलं, की पुढच्या फेरीत त्याची वसुली होते.

मग परत सावकाश पळायचं. किती वेळ? इथे खांब मोजू नका, श्वासाला विचारा. माझी युक्ती साधी आहे: स्वतःचा मोबाइल नंबर म्हणून पाहायचा. सावकाश पळताना दहाही आकडे एका श्वासात निघतात. जोरात पळताना तीन-चार आकड्यांवर श्वास तुटतो. पुन्हा दहाही आकडे एका दमात निघाले, की पुढची खूण शोधायची. त्यात कधी दीड मिनिट जाईल, कधी तीन. असं बारा-पंधरा मिनिटं खेळायचं. पाच-सहा वेळा जोर लागला तरी पुष्कळ झालं. शेवटची आठ-दहा मिनिटं निवांत.

आता घड्याळ का नको, ते पाहू. जोर लावला की पहिले काही सेकंद स्नायू त्यांच्यातच साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर चालतात. ही खिशातली चिल्लर. ती संपत येते तशी साखर घाईघाईनं जाळली जाते. ऑक्सिजनचा पुरवठा मागणीला गाठायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि हृदयाचे ठोकेही रेंगाळत वर चढतात. आपला जोर तर अर्ध्या मिनिटातच संपलेला असतो. म्हणून तिसऱ्या खांबाशी मनगटावर दिसणारा ठोक्यांचा आकडा बहुतेक वेळा खऱ्या मेहनतीपेक्षा कमी असतो. इतक्या छोट्या टप्प्यात उपग्रहावरून काढलेला वेगही धरसोड दाखवतो. श्वास त्यापेक्षा प्रामाणिक. खिशातली चिल्लर पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्मी भरते, पूर्ण भरायला तीन-चार मिनिटं जातात. विश्रांती फार आखडती घेतली तर पुढचा जोर रिकाम्या खिशानं सुरू होतो.

नवखे नेमके इथेच फसतात. पहिल्या खांबाला सुसाट सुटतात आणि चौथ्या वेळेपर्यंत खांदे कानाला टेकतात, मुठी आवळतात, पावलं धपधप आपटायला लागतात. शेवटचा जोर पहिल्यापेक्षा मंद झाला, तर पहिलाच चुकला असं समजा. पहिला जोर ‘एवढंच?’ असं वाटावं इतपतच असू द्या.

चढ लागला तर तोही खेळात घ्या. चढावर कमी वेगातही तोच दम लागतो आणि पाय कमी आपटतो. उतारावर मात्र जोर नको, कारण तिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात आणि दोन दिवस जिना उतरवत नाही. खूण चौकाच्या पलीकडची धरू नका. ती गाठायच्या नादात रिक्षा दिसत नाही.

सुरुवातीला आठवड्यातून एकदाच खेळा. पोटरी किंवा टाचेमागची शीर दुसऱ्या दिवशी नुसती भरून आली तर ठीक, पण एकाच जागी टोचत असेल तर पुढचा खेळ रद्द. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा जोर लावायचा नाही.

चार-सहा आठवड्यांनी त्याच रस्त्यावर लक्ष द्या: जोर संपल्यावर फोन नंबर पूर्वीपेक्षा एक खांब आधीच पुरा होतो का?