बाळ रात्रभर झोपतं म्हणजे ते उठतच नाही असं नाही
"रात्री झोपतं का नीट?" हा प्रश्न बाळ झाल्यापासून जो भेटेल तो विचारतो, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात असतं की रात्री आठला झोपवलं की सकाळी सहापर्यंत चिडीचूप. पण झोपेचा अभ्यास करणारे लोक हेच शब्द वापरतात तेव्हा त्यांचा अर्थ बराच वेगळा असतो. 1957 च्या एका जुन्या अभ्यासात तर मध्यरात्री बारा ते पहाटे पाच एवढंच धरलं होतं, म्हणजे फक्त पाच तास! नंतर कुणी सलग सहा तास धरले, कुणी आठ.

आता एक रात्र घ्या. सात महिन्यांचं बाळ आठला झोपलं, सव्वाएकला रडलं, दूध प्यायलं, दीडला परत झोपलं आणि पावणेसहाला उठलं. सलग पाच तासांचा निकष लावला तर पास, कारण आठ ते सव्वाएक सव्वापाच तास होतात. बारा ते पाच लावला तर नापास. सहा तासांचा लावला तरी नापास. बाळ तेच, रात्र तीच.

दुसरा घोळ याहून मोठा, तो उठणं आणि हाक मारणं यातला. बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं (आपलं दीड तासाचं), आणि चक्र संपलं की झोप पातळ होते, मोठ्यांचीही होते, आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळं झोपलेली असताना कॅमेरा लावून पाहिलं तर दिसलं की "रात्रभर झोपणारी" बाळंही मधे जागी होतात, इकडेतिकडे बघतात, बोटं चोखतात आणि गुपचूप परत झोपतात. बाकीची रडून बोलावतात. आईबाबांना या रडणाऱ्यांचंच उठणं कळतं, आणि शेजारणीचं बाळ झोपतं मग आपलंच का नाही ही तुलना तिथूनच सुरू होते.

अगदी लहान बाळांचं अजून एक, त्यांची निम्मी झोप चळवळी असते, डोळे मिटलेले पण कुंथणं, हातपाय झाडणं, बारीक कण्हणं चालू. आपण घाईने उचललं की खरंच जागं होतं, म्हणून मिनिटभर नुसतं बघायचं. डोळे उघडले, रडणं चढत गेलं तर उचला.

2018 मधल्या कॅनडातल्या एका अभ्यासात सहा महिन्यांची 38 टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती आणि वर्षाची झाली तरी 28 टक्के, शिवाय त्यांच्या विकासात काही फरक दिसला नाही. म्हणजे यात बाळाचं बिघडलेलं काही नसतं, झोपेचा बोजवारा उडतो तो आपला, आणि तो त्रास खराच आहे, पाळी लावून एकाने सलग चार-पाच तास झोपून घ्यावं. वजन वाढत नसेल, झोपेत घोरत असेल किंवा श्वास घेताना ओढ लागत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.