रुग्णांसाठी चित्रसंकेत

औषध किती, केव्हा आणि कसे घ्यायचे हे दाखवण्यासाठी पाकिटावर, बाटलीवर किंवा सूचनापत्रावर छापलेल्या साध्या रेखाचित्राला चित्रसंकेत म्हणतात. ज्यांना वाचता येत नाही किंवा अडखळत वाचावे लागते, त्यांना सूचना त्यांच्याच भाषेत छापून दिली तरी ती पोहोचत नाही. पण चित्र काढले म्हणजे ते आपोआप समजते, असेही नाही.

चित्र मजकुरापेक्षा सरस ठरते ते सूचना डोळ्यांनी दिसणाऱ्या एकाच कृतीची असते तेव्हा : बाटली हलवा, डोळ्यात थेंब टाका, सकाळी एक आणि रात्री एक गोळी घ्या. अशा सूचनेत ‘किती’, ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ एवढेच सांगायचे असते. अट, कारण किंवा कालावधी सांगायचा असला की चित्र तोकडे पडते. ‘बरे वाटले तरी गोळ्या संपेपर्यंत घ्या’ यासाठी हसऱ्या चेहऱ्याशेजारी गोळ्या काढल्या, तर ‘बरे वाटले की थांबा’ असाही अर्थ कोणी लावू शकतो. अशी सूचना तोंडीच सांगावी. चित्राने फार तर तिची आठवण करून द्यावी.

शिवाय चित्र वाचणे हेही शिकावे लागते. बाण, फुली, डावीकडून उजवीकडे जाणारा क्रम, शरीरापासून तोडून दाखवलेले पोट किंवा हात ही सारी छापील पानाची सवय असलेल्यांची खूण-भाषा आहे. थॅलिडोमाइडचे उदाहरण यासाठी कायम लक्षात ठेवण्याजोगे आहे. गर्भवतीने घेतल्यास बाळाच्या अवयवांत गंभीर व्यंग निर्माण करणारे हे औषध ब्राझीलमध्ये कुष्ठरोगातील गुंतागुंतीवर दिले जाई आणि त्यावर फुली मारलेल्या गर्भवतीचे चित्र होते. काही स्त्रियांनी त्याचा अर्थ ‘या गोळीने गर्भ राहत नाही’ असा घेतला. म्हणजे इशाराच उलटून आमंत्रण झाला.

चित्रसंकेताच्या चाचणीत म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या मोजतात : किती जणांना बरोबर समजले आणि किती जणांनी धोकादायक उलटा अर्थ लावला. सुरक्षाचिन्हांसाठीच्या एएनएसआय झेड५३५.३ या अमेरिकी मानकानुसार किमान ८५ टक्के उत्तरे बरोबर हवीत आणि धोकादायक गैरसमज ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची मानावी.

समजा, ‘सिरिंजने ५ मिली औषध, दिवसातून दोनदा’ हे चित्र तपासायचे आहे. औषध ज्यांच्या हाती पडणार, अशाच कमी शिकलेल्या ५० जणांना ते एकेकट्याने दाखवायचे. आकार लेबलावर असेल तेवढाच, मोठा करून नव्हे. प्रश्न मोकळा हवा : ‘हे चित्र काय करायला सांगते?’ पर्याय दिले तर अंदाजाने बरोबर आलेली उत्तरे आकडा फुगवतात. ‘समजले का?’ हा प्रश्न तर निरुपयोगी, कारण संकोचाने बहुतेक जण हो म्हणतात. उत्तर बोलल्याप्रमाणे शब्दशः लिहून घ्यायचे आणि दोघांनी ते एकमेकांना न विचारता तपासायचे. बरोबर कशाला म्हणायचे आणि धोकादायक कशाला, हे आधीच ठरलेले असावे.

४३ जणांनी बरोबर सांगितले, तर ते ८६ टक्के झाले आणि पहिली अट पुरी झाली. पण उरलेल्या सातांपैकी तिघे म्हणाले, ‘सिरिंज पूर्ण भरायची.’ सिरिंज १० मिलीची असेल तर हा दुप्पट डोस आहे आणि तिघे म्हणजे ६ टक्के. चित्र नापास. चूक बहुधा रेखाटनातच सापडते : औषधाचा भाग पुरेसा गडद नसतो, किंवा दट्ट्या कुठे थांबला ते दिसत नाही. सुधारलेले चित्र नव्या लोकांना दाखवावे लागते, कारण जुन्यांना उत्तर माहीत झालेले असते.

त्यापुढची पायरी हाताची आहे. रिकामी सिरिंज आणि पाणी देऊन ‘मोजून दाखवा’ म्हणायचे. तोंडी बरोबर सांगणाराही मोजताना चुकतो. २० टक्क्यांहून जास्त फरक पडला की चूक धरण्याची पद्धत संशोधनात रूढ आहे. नंतर अर्थ समजावून द्यायचा आणि काही आठवड्यांनी तेच चित्र पुन्हा विचारायचे. पहिल्यांदा न उमगलेले चित्र एकदा सांगितल्यावर लक्षात राहत असेल, तर समजावणारी व्यक्ती हजर असते तिथे ते चालते. एकट्या लेबलावर मात्र चालत नाही.

चित्राचे श्रेय मोजताना सावध राहावे. न्यूयॉर्कमधील हेल्पिक्स प्रयोगात (२००८) पालकांना चित्रांची सूचनापत्रे दिली, तेव्हा रोज द्यायच्या पातळ औषधाचा डोस चुकीचा मोजणाऱ्यांचे प्रमाण ५.४ टक्के आढळले; नेहमीच्याच पद्धतीने सूचना मिळालेल्या पालकांत ते ४७.८ टक्के होते. पण तिथे सोबत सिरिंज होती, कृती करून दाखवली जाई आणि पालकांकडून ती पुन्हा करवून घेतली जाई. त्यामुळे यातला नुसत्या चित्राचा वाटा किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.