व्हील वाजवून घ्यायचं कुठं? दुकानात की ग्राइंडरपाशी

मडकं घेताना ते बोटाच्या पेरानं वाजवून पाहायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठं तरी चीर आहे. बेंच ग्राइंडरचं व्हील हे एका अर्थी मडक्याचंच भावंड. घासणारे कण वेगळे, पण त्यांना धरून ठेवणारा माल मातीचा आणि भट्टीत भाजून काचेसारखा झालेला. कारखान्यात याला व्हिट्रिफाइड बाँड म्हणतात. चीर नसेल तर अशी चकती टिचकीनं घंटेसारखी वाजते. चीर असेल तर तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंपन तिथंच जिरतं आणि आवाज मरतो. रिंग टेस्ट म्हणतात ती एवढीच. तरीही ती कुणी, कुठं आणि कधी करायची यावर ठाणे-बेलापूर पट्ट्यात आजही वाद होतात. वादाचं मूळ चाचणीत नाही, ग्राइंडर कुणाच्या ताब्यात होता आणि पुढं कुणाच्याच ताब्यात राहिला नाही, यात आहे.

फार मागं जायची गरज नाही. नैसर्गिक दगडाची चाकं होती, मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाजलेली व्हील्स आली, १८९० च्या दशकात विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनू लागलं आणि पाठोपाठ कृत्रिम अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. आपल्याकडं १९४१ साली उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना उभा राहिला. देशातला तो पहिला मानला जातो. म्हणजे वागळे इस्टेटमध्ये पहिली लेथ बसण्याच्या बऱ्याच आधी खाडीपलीकडं व्हील्स भाजली जात होती.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात ग्राइंडिंगसाठी कलम ३० होतं. ज्या खोलीत ग्राइंडिंग चालतं तिथं मशीनजवळ पाटी लावायची आणि तिच्यावर व्हीलचा सुरक्षित कमाल परिघीय वेग, व्हील ज्या दांड्यावर फिरतं त्या स्पिंडलचा वेग वगैरे लिहायचं, असं ते कलम सांगायचं. वाजवून बघा, असं ते म्हणत नव्हतं. ब्रिटनमध्ये १९७० च्या नियमांनी पुढची पायरी गाठली. ज्याला प्रशिक्षण दिलंय आणि ज्याची रीतसर नेमणूक केलीय, त्यानंच व्हील चढवायचं. १९९८ मध्ये ते नियम जाऊन सर्वसाधारण यंत्रसुरक्षेचे नियम आले, पण ‘व्हील चढवणारा माणूस ठरलेला असावा’ ही कल्पना टिकली. माझ्या मते खरी मेख तीच आहे, आणि आपल्याकडं ती कायद्यानं आली नव्हती, रिवाजानं आली होती.

साठच्या दशकात वागळे इस्टेट भरू लागली, पुढं खाडीपलीकडं रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. तेव्हा प्रत्येक मशीन शॉपात टूल बिटांना धार हातानं लागायची. हाय स्पीड स्टील म्हणजे एचएसएसच्या बिटाला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं व्हील, ब्रेझ केलेल्या कार्बाइड टिपेला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं. हिरव्या व्हीलवर कुणी साधं लोखंड घासलं तर टूलरूमचा मिस्त्री शिव्या घालायचा, कारण ग्राइंडर त्याचा होता. दोन्ही बाजूंची व्हील्स तो चढवायचा, व्हीलचं तोंड साफ करायचा ड्रेसर त्याच्या ड्रॉवरमध्ये असायचा. नवं व्हील आलं की तो वाजवणार, हे गृहीतच होतं.

‘हार्ड व्हील’ या शब्दाचा घोळ त्याच काळातला आणि अजून सुटलेला नाही. व्हीलवरच्या खुणेतलं अक्षर, उदाहरणार्थ A 36 N 5 V मधला N, कणांचा कडकपणा सांगत नाही. बाँड कणाला किती घट्ट धरतो ते सांगतो. म्हणून कडक धातूला मऊ व्हील लागतं, कारण बोथट झालेला कण लवकर सुटून नवा पुढं यायला हवा. दुकानात ‘एचएसएससाठी हार्ड द्या’ म्हणणारा माणूस नेमकं उलटं मागत असतो. मग बिट निळं पडतं, तो जोर वाढवतो, आणि व्हीलवर नको तेवढा दाब येतो.

पुढं इन्सर्ट आले, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचे, बदलता येणारे तुकडे. बोथट झाला की कोपरा फिरवायचा, चारही कोपरे संपले की फेकायचा. धार लावायचं काम जवळजवळ संपलं आणि बेंच ग्राइंडर सगळ्यांचा झाला, म्हणजे कुणाचाच नाही. बर काढायला, बोल्ट कापायला, ड्रिल घासायला जो येईल तो वापरतो. व्हील आणायचं काम स्टोअरवाल्याकडं गेलं, आणि रिंग टेस्ट त्याच्यासोबत दुकानाच्या काउंटरवर गेली. दुकानदार व्हील बोटावर लटकवून टिचकी मारतो, ‘बघा, खणखणीत’ म्हणतो, बिल फाडतो. सगळे समाधानी. हा बदल कुणी ठरवून केला नाही, पण मला तो चुकीचा वाटतो, कारण व्हीलला तडा जातो तो बहुधा दुकान आणि स्पिंडल यांच्यामध्ये.

रबाळ्याच्या एका युनिटमधला प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. २०० मिलिमीटर व्यासाचं, २५ मिलिमीटर जाडीचं व्हील मुंबईतल्या एका दुकानातून आणलं होतं. काउंटरवर वाजवलेलं. पिशवीतून लोकलनं ठाण्यापर्यंत आलं, तिथं चढणाऱ्यांच्या रेट्यात पिशवी दरवाजातल्या खांबावर आपटली. आणणाऱ्या मुलाला ते आठवलं नंतर, विचारल्यावर. दुसऱ्या दिवशी जुने मिस्त्री, सगळे त्यांना काका म्हणतात, व्हील चढवायच्या आधी सवयीनं वाजवायला बसले. पद्धत नेहमीची: व्हील कोरडं, पॅकिंगचा भुसा झटकलेला, एक बोट भोकातून घालून लटकवलेलं. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरची मूठ, धातूचा भाग नाही. उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून दीड-दोन इंच आत हलकी थाप. बोटाखालच्या रेषेवर आवाज दबू शकतो, म्हणून तिथं मारायचं नाही. मग व्हील ४५ अंश फिरवून पुन्हा.

पहिल्या दोन थापा खणखणीत होत्या. फिरवल्यावर तिसरी बद्द.

‘काका, पावसाळा आहे, ओल धरली असेल,’ सुपरवायझर म्हणाला. त्याचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. जुलैत जमिनीवर ठेवलेलं व्हील दमट होतं आणि आवाज दबतो, हे खरं आहे. पण ओलीनं सगळीकडूनच आवाज दबतो, एकाच जागी नाही. काकांनी व्हील दिवसभर कपाटात बल्बजवळ ठेवलं, संध्याकाळी पुन्हा वाजवलं. त्याच जागी पुन्हा बद्द. मग त्यांनी ते बाहेर नेऊन हातोडीनं फोडलं, कारण बाजूला ठेवलेलं व्हील महिन्याभरात कुणीतरी ‘नवंच आहे’ म्हणून चढवतं. तुकड्यात भोकापासून कडेकडं गेलेली दीडेक इंचाची मळकट रेघ होती. बाकी तुटलेली बाजू स्वच्छ, पांढरट.

भोकापासूनच का, हे समजून घेण्यासारखं आहे. फिरणाऱ्या चकतीत सगळ्यात जास्त ताण भोकाच्या काठाला येतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून भोकाजवळची छोटी चीर कडेच्या टवक्यापेक्षा धोक्याची. बसवतानाचे सगळे नियमही या एका गोष्टीभोवती फिरतात. व्हील स्पिंडलवर हातानं सरकलं पाहिजे, ठोकून नाही. दोन्ही फ्लँज, म्हणजे व्हीलला दोन बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या, सारख्या व्यासाच्या आणि व्हीलच्या निदान एक तृतीयांश हव्यात; २०० च्या व्हीलला ६७ मिलिमीटर तरी. फ्लँज मध्ये पोकळ असते, दाब भोकाच्या काठावर न पडता बाहेरच्या कड्यावर पडावा म्हणून. आणि व्हीलला चिकटलेला कागद, ब्लॉटर, म्हणजे नुसतं लेबल नव्हे. तो दाब सारखा वाटतो, तेव्हा काढायचा नाही. नट घट्ट म्हणजे व्हील घसरू नये एवढाच. पाना पाईप लावून ओढला तर न तडकलेलं व्हीलही तडकू शकतं, आणि ती चीर कुठलीच टिचकी पकडणार नाही, कारण टिचकी आधीच मारून झालेली असते.

रिंग टेस्टला तिच्या मर्यादेपेक्षा जास्त मान मिळाला, हेही सांगायला हवं. रेझिन बाँडची व्हील्स, कटिंगची पातळ चकती धरून, तशी वाजतच नाहीत. पोरं ती वाजवून ‘सगळी खराब’ म्हणतात किंवा कंटाळून ‘सगळी बरी’ म्हणतात. शिवाय टिचकीला वेगाचं काही कळत नाही. ५० हर्ट्झवर बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेतो. त्यावर २०० चं व्हील कडेला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास धावतं. त्याच मशीनवर गार्ड काढून २५० चं व्हील चढवलं, आणि हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय, तर ३७ मीटर. बऱ्याच व्हिट्रिफाइड व्हीलची मर्यादा ३३ ते ३५. ताण दीडपटीहून जास्त, आणि फुटलंच तर तुकडे अडवायला गार्डही नाही. कलम ३० ची पाटी भिंतीवर असती तर निदान हिशेब समोर दिसला असता. पण १९४८ च्या कायद्यातल्या कारखान्याच्या व्याख्येत बसायला वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार लागत, आणि गाळ्यात चौघं असतात.

गार्डच्या मापांवर मात्र कुणी भांडत नाही, म्हणूनच बहुधा ती कुणी मोजत नाही. अमेरिकी नियमांतून आलेली मापं सगळीकडं चालतात: काम टेकवायचा टूल रेस्ट व्हीलपासून जास्तीत जास्त ३ मिलिमीटर, गार्डच्या तोंडाची वरची पट्टी ६ मिलिमीटर. व्हील झिजून २०० चं १८० झालं की दोन्ही फटी १० मिलिमीटरनं वाढतात. रेस्टची फट १३ झाली की ड्रिल किंवा पातळ पट्टी तिच्यात ओढली जाऊन अडकते, आणि खणखणीत वाजलेलं व्हीलही तिथंच फुटतं. रेस्ट सरकवायचा तो मशीन बंद करून, व्हील पूर्ण थांबल्यावर.

रबाळ्याच्या त्या युनिटनं फोडलेल्या व्हीलचे पैसे दुकानदाराकडं मागितले. ‘इथं वाजवून दिलं होतं, सगळ्यांसमोर,’ असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पैसे मिळाले नाहीत. आता ग्राइंडरच्या पायाला साखळीनं ३ आणि ६ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या बांधल्यात, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर टांगलाय, आणि नवं व्हील चढवलं की गार्ड लावून, बाजूला उभं राहून एक मिनिट नुसतं फिरवायचं असं ठरलंय. चढवायचं मात्र काकांनी किंवा त्यांनी शिकवलेल्या एका पोरानं. त्या पोराचं नाव भिंतीवर खडूनं लिहिलंय.