प्रहर

अहोरात्राचा आठवा भाग. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चार आणि तेथून पुढच्या सूर्योदयापर्यंत चार असे आठ प्रहर मोजतात. संस्कृतात यास ‘याम’ असेही म्हणतात. ‘प्रहर’ म्हणजे आघात. घटिकापात्र बुडाले की थाळीवर टोले देत, त्यावरून हे नाव आले असावे, असे बहुतेक मानतात. पहारा आणि दुपार (द्विप्रहर) हे शब्द याच कुळातले.

प्रहर चारच असताना रात्रीला ‘त्रियामा’ का म्हणावे, हा जुना वाद आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आरंभीचा अर्धा व शेवटच्याचा अखेरचा अर्धा भाग लोकव्यवहारात दिवसातच धरला जाई, म्हणून उरले तीन, असा उलगडा टीकाकार करतात. तो सयुक्तिक वाटतो.

प्रहर म्हणजे तीन तास, हे समीकरण विषुवदिनापुरतेच जवळपास खरे. पुण्यात जूनअखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. तेव्हा दिवसाचा प्रहर ३ तास १९ मिनिटांच्या आसपास भरतो आणि रात्रीचा २ तास ४१ मिनिटांचा. डिसेंबरात बरोबर उलट. घटका मात्र २४ मिनिटांचीच राहते. त्यामुळे प्रहरात साडेसात घटका हे सरासरीचे माप झाले. बाबरानेही आपल्या आठवणींत या मापनाचे वर्णन केले आहे. रात्री जाग आलेल्याला नुसत्या घटकांच्या टोल्यांवरून प्रहर कळत नसे, म्हणून घटकेपाठोपाठ प्रहराचेही टोले द्यावेत, असा हुकूम आपण केल्याचे तो सांगतो.

जुन्या कागदांत ‘दोन प्रहर दिवस’ म्हणजे दोन प्रहर उलटल्याचा क्षण, अर्थात मध्यान्ह. दुसरा प्रहर चालू असल्याची वेळ नव्हे. येथे वाचक हमखास चुकतो.

शिवराज्याभिषेकाचे उदाहरण घेता येईल. जेधे शकावलीत ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, ‘तीन घटिका रात्र उरली’ अशी नोंद आहे. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटे. त्या दिवसांत रायगडावर सूर्य आजच्या घड्याळाने सहाच्या सुमारास उगवतो. म्हणजे वेळ पहाटे पावणेपाचच्या आसपासची. रात्र पावणेअकरा तासांच्या आसपास असल्याने चौथा प्रहर सव्वातीनच्या सुमारास लागतो, तेव्हा हा क्षण चौथ्या प्रहरातला. त्या काळच्या स्थानिक सूर्यवेळेप्रमाणे मात्र घड्याळ सुमारे ३६ मिनिटे मागे असते. इंग्रजी तारीख ६ जून १६७४ व वार शनिवार येतो, आणि शकावलीत शुक्रवार. यात विसंगती नाही; पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि सूर्य उगवायला अजून तीन घटिका होत्या.